चुकीची पार्सले: एका निर्णयाआधी समस्येची वर्गवारी कशी केली, याचा प्रकरण अभ्यास

यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका गोदामातून रोज सुमारे 500 पार्सले बाहेर पडतात. वर्षभर चुकीच्या पार्सलांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास होते. गेल्या 24 कामकाजी दिवसांत मात्र 12,000 पार्सलांपैकी 480 चुकीची निघाली, म्हणजे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले. वरिष्ठांनी गोदामाच्या व्यवस्थापिकेला एका आठवड्यात दोन गोष्टी कळवायला सांगितल्या: या चुकांचे मूळ कारण काय, आणि मागितलेला खण कामगारापुढे आपोआप आणून ठेवणारी स्वयंचलित साठवण यंत्रणा घ्यावी की नाही. हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे आणि त्यातले आकडे हिशेब सोपा राहावा असे घेतले आहेत. त्यातल्या अडचणी मात्र असे काम केलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

व्यवस्थापिकेने हे काम ज्या विश्लेषकाकडे सोपवले, त्याने पहिले दोन दिवस नेहमीच्या पद्धतीने काम केले. त्याने सर्व 480 चुका एका तक्त्यात घेतल्या, माशाच्या काट्याची आकृती काढली, कारणांच्या फांद्या लिहिल्या आणि प्रत्येक चूक एकेका फांदीवर टांगली. त्यातून सर्वांत मोठे कारण म्हणून ‘मानवी चूक’ हे उत्तर आले. हे उत्तर खोटे नव्हते, पण त्यावरून व्यवस्थापिकेला कोणताही निर्णय घेता येत नव्हता. प्रशिक्षण वाढवावे, दंड करावा, की माणसाच्या जागी यंत्र आणावे, या तिन्ही मार्गांना ते सारखाच आधार देत होते. माझ्या मते घोटाळा आकृतीत नव्हता. शोधाची एकच पद्धत ज्यांना लागू पडत नाही, अशा चार वेगवेगळ्या जातींच्या समस्या एका आकड्याखाली बांधल्या गेल्या होत्या, आणि गाठोडे सोडण्याआधीच त्याचे वजन करण्यात वेळ गेला होता.

वर्गवारीचा आधार

समस्यांची ही वर्गवारी डेव्ह स्नोडन यांनी 1999 मध्ये, आयबीएममध्ये काम करत असताना मांडायला सुरुवात केली. तिचे ‘कनेव्हिन’ हे नाव वेल्श भाषेतले आहे. 2007 मध्ये स्नोडन आणि मेरी बून यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये ती व्यवस्थापकांसाठी मांडली आणि तेव्हापासून ती सर्वदूर पोचली. तिच्यातल्या चार जातींसाठी मी येथे साधी, क्लिष्ट, गुंतागुंतीची आणि अनागोंदीची हे शब्द वापरतो. क्लिष्ट आणि गुंतागुंतीची या दोन शब्दांची बोलण्यात अदलाबदल होते, पण येथे त्यांतला फरक जपावा लागेल. क्लिष्ट समस्या अवघड ग्रंथासारखी असते: जाणकाराने वेळ देऊन वाचला तर उलगडतो आणि पुन्हा वाचल्यावर अर्थ बदलत नाही. गुंतागुंतीची समस्या दोऱ्याच्या गुंत्यासारखी असते. एक टोक ओढले की दुसरीकडची गाठ आवळते, आणि कोणते टोक ओढल्यावर काय होईल हे ओढल्याशिवाय कळत नाही.

समस्या किती मोठी, किती महाग किंवा किती त्रासदायक आहे, यावरून तिची जात ठरत नाही. ती ठरते कारण आणि परिणाम यांचा संबंध आपल्याला कसा कळू शकतो यावरून. तो संबंध उघड दिसत असेल तर समस्या साधी असते, आणि ओळखून ठरलेली कृती करणे पुरते. तो तपासाअंती सापडणार असेल तर समस्या क्लिष्ट असते, आणि आधी विश्लेषण व मग कृती हा क्रम योग्य ठरतो. संबंध घटना घडून गेल्यावरच ध्यानात येत असेल आणि पुढच्या वेळी तसाच राहील याची खात्री नसेल, तर समस्या गुंतागुंतीची असते. तेथे लहान प्रयोग करून काय उमटते ते पाहावे लागते. आणि कारण शोधण्याइतकीही स्थिरता नसेल, नुकसान तासागणिक वाढत असेल, तर ती अनागोंदी. तेथे आधी कृती करायची आणि विचार त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्यवस्थापिकेने विश्लेषकाला तक्ता बाजूला ठेवायला सांगितला आणि प्रत्येक चुकीच्या नोंदीला चार प्रश्न विचारायला लावले. पार्सलात नक्की काय चुकले? साधे दोन कामगार त्याचे कारण एकच सांगतील का? दोन जाणकारांना पुरेशी माहिती दिली तर त्यांची उत्तरे जुळतील, निदान एकमेकांना छेद देणार नाहीत, असे वाटते का? आणि याआधी एखादा उपाय केला असेल, तर त्याचा परिणाम सगळीकडे सारखा झाला का? यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर कोणाच्या मतावर अवलंबून नसते. ते गोदामाच्या नोंदींतच पडलेले असते.

480 चुकांचे चार ढीग झाले: नगांची संख्या चुकलेली 130, भलताच भाग गेलेली 150, वस्तू कमी भरलेली 140, आणि दुसऱ्याच ग्राहकाचे लेबल लागलेली 60.

एका संध्याकाळची साठ पार्सले

लेबल चुकलेली सर्व 60 पार्सले एकाच संध्याकाळची निघाली. त्या दिवशी लेबल छापणारी यंत्रणा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाली होती आणि तेव्हापासून प्रत्येक पार्सलावर पुढच्या मागणीचे लेबल चिकटत गेले. पाळीच्या पर्यवेक्षकांनी कारण शोधायला घेतले. त्यांनी छपाईयंत्र तपासले, संगणकांच्या जाळ्याची जोडणी पाहिली, तंत्रज्ञाला फोन केला. यात 40 मिनिटे गेली आणि त्या 40 मिनिटांत पट्टा चालूच राहिला. अखेर व्यवस्थापिकेने पट्टा थांबवला आणि फाटकाजवळच्या गाड्या अडवल्या. त्यामुळे आणखी 30 चुकीची पार्सले आवारातच सापडली. मग एकाच टेबलावर काम सुरू करून पहिल्या दहा पार्सलांची लेबले हाताने पडताळली, आणि तेवढे जमल्यावर बाकीची टेबले उघडली.

पर्यवेक्षकांची बुद्धी किंवा तळमळ कमी पडली नाही. अनागोंदीच्या वेळी त्यांनी क्लिष्ट समस्येची रीत वापरली, एवढाच दोष होता. पट्टा थांबल्यावर तीच समस्या क्लिष्ट झाली आणि दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने कारण शांतपणे शोधले: पुन्हा सुरू होताना रांगेतले एक लेबल गळत होते आणि पुढची सगळी एका जागेने सरकत होती. विश्लेषणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही 60 पार्सले महिन्याच्या सरासरीत मिसळू नयेत. ती वगळल्यावर चुकांचे प्रमाण 4 टक्क्यांवरून साडेतीनवर येते, आणि हाच उरलेला आकडा गोदामाच्या रोजच्या कामाबद्दल काही सांगतो.

नगांचा हिशेब आणि भलते भाग

संख्येच्या 130 चुकांपैकी 118 चुका फक्त 14 वस्तूंच्या होत्या. यादीत त्या वस्तूंचे एकक ‘नग’ होते आणि खणात त्या पाकिटांत ठेवलेल्या होत्या. त्यामुळे 10 नग मागितले की 10 पाकिटे जात. कोणत्याही कामगाराला विचारले असते तर त्याने हेच सांगितले असते, आणि दोघांनी खरोखर तसे सांगितलेही. यादी दुरुस्त करायला अर्धा दिवस पुरला. यावर अधिक विश्लेषण करणे म्हणजे वेळ घालवणे होते.

भलताच भाग गेलेल्या 150 चुका मात्र क्लिष्ट होत्या आणि तेथे विश्लेषकाचे खरे कौशल्य कामी आले. पहिला संशय नव्या कामगारांवर होता. मात्र नव्या कामगारांनी उचललेल्या वस्तूंचे प्रमाण 30 टक्के आणि त्यांच्या हातून झालेल्या चुकांचे 32 टक्के होते, म्हणजे तो संशय टिकला नाही. मग त्याने प्रत्येक चुकीत मागितलेल्या भागाचा खण आणि गेलेल्या भागाचा खण नकाशावर जोडून पाहिले. 150 पैकी 108 चुकांत हे दोन खण अगदी लगतचे होते, आणि त्यांपैकी 81 चुकांत दोन भागांच्या क्रमांकांत फक्त शेवटच्या अक्षराचा फरक होता. कामगार खणावरची पट्टी स्कॅन करत होते, पण हातातली वस्तू स्कॅन करत नव्हते. खण बरोबर आणि वस्तू शेजारची, अशी चूक यंत्राला दिसणेच शक्य नव्हते.

हा तर्क सुसंगत होता, पण सुसंगत तर्क पुरावा ठरत नाही, म्हणून त्याने एक पडताळणी शोधली. गोदामातल्या दोन ओळींत महाग भाग असल्याने तेथे वस्तू स्कॅन करण्याची सक्ती पूर्वीपासून होती. एकूण उचलींपैकी चौथा हिस्सा या ओळींतून होत असे. त्या हिशेबाने 150 पैकी साधारण 37 चुका तेथे दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात होत्या 4. महाग भाग कामगार एरवीही जपून हाताळत असतील, ही शंका उरतेच. पण 37 आणि 4 यांतले अंतर एवढ्या शंकेने भरून निघत नाही.

उपायाबाबत दोन जाणकारांची दोन मते पडली. साठवणुकीची आखणी करणाऱ्याने जुळे भाग दूरदूरच्या खणांत ठेवायला सांगितले, तर संगणक यंत्रणा सांभाळणाऱ्याने प्रत्येक वस्तूचे स्कॅन सक्तीचे करायला सांगितले. क्लिष्ट समस्येत असे होतेच. अनेक उत्तरे बरोबर असतात आणि निवड वेळ व खर्च पाहून करायची असते. रोज सुमारे 3,000 उचली आणि प्रत्येकीला 3 सेकंद जास्त धरले, तर सक्तीच्या स्कॅनने दिवसाचे अडीच तास लागले असते. सक्ती फक्त जुळ्या क्रमांकांच्या भागांपुरती ठेवली, जे उचलींच्या पाचव्या हिश्शाइतके होते, तर अर्धा तास. व्यवस्थापिकेने दुसरा पर्याय तत्काळ लागू केला आणि खणांची फेरमांडणी पुढच्या साठा-मोजणीच्या वेळेपुरती राखून ठेवली.

कमी भरलेली पार्सले

वस्तू कमी भरलेल्या 140 पार्सलांबाबत प्रत्येकाकडे उत्तर तयार होते. पर्यवेक्षक म्हणाले, नियम पाळले जात नाहीत. यंत्रणावाल्याने आणखी माहिती मागितली. वरिष्ठांचा कल कडक आदेश काढण्याकडे होता. स्नोडन यांच्या मांडणीत चार जातींशिवाय एक पाचवी अवस्थाही आहे: समस्या कोणत्या जातीची हेच ठरलेले नसते आणि प्रत्येक जण ती आपल्या सवयीच्या जातीत ओढतो. गोदामात नेमके तेच चालले होते.

येथे शेवटचा प्रश्न उपयोगी पडला. पार्सलामागे बक्षीस सुरू झाल्यापासून या चुका वाढल्या होत्या, आणि त्या रोखण्यासाठी महिन्यापूर्वी प्रत्येक टेबलाच्या चुकांचा तक्ता भिंतीवर लावला गेला होता. दिवसपाळीत चुका कमी झाल्या. रातपाळीत नोंदवलेल्या चुका कमी झाल्या, पण त्याच काळात रातपाळीच्या पार्सलांबद्दल ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, म्हणजे तेथे चुका लपू लागल्या होत्या. तोच तक्ता, तेच काम, आणि परिणाम एकमेकांच्या उलट. मोजमाप सुरू झाल्याने मोजली जाणारी वागणूकच बदलत असेल, तर जुन्या नोंदींचे कितीही बारीक विश्लेषण करा, उद्याचे उत्तर त्यात सापडत नाही. ही समस्या गुंतागुंतीची आहे, असे व्यवस्थापिकेने या नोंदीच्या आधारावर ठरवले.

विश्लेषक एक रात्र भरणीच्या टेबलाशेजारी उभा राहिला. एका कामगाराने पेटी हातात धरली, आत पाहिले, क्षणभर थांबला आणि ती पट्ट्यावर ढकलली. का थांबलात असे विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, काहीतरी कमी वाटलं. पण पेटी अडवून बसलो तर माझा आकडा मागे पडतो, आणि जाऊ दिली तर चूक उचलणाऱ्याची की माझी, हे कुणालाच कळत नाही.”

त्यानंतर दोन आठवड्यांसाठी, म्हणजे 12 कामकाजी दिवसांसाठी, तीन लहान प्रयोग एकाच वेळी सुरू झाले. दिवसा 8 आणि रात्री 8 अशी 16 टेबले होती. प्रत्येक प्रयोगासाठी दिवसाचे एक आणि रात्रीचे एक टेबल घेतले, म्हणजे एखादा प्रयोग फसला तरी गोदामाचे काम अडणार नव्हते. पहिल्यात बक्षीस टेबलावरच्या गटाला मिळून दिले, तेही निर्दोष पार्सलांवरच. दुसऱ्यात पेटीचे अपेक्षित वजन पडद्यावर दाखवून काट्यावर जुळवायला लावले. तिसऱ्यात ‘थांबा’ अशी एक पाटी दिली: शंका आली की पेटी पाटीसह बाजूच्या फळीवर ठेवायची, आणि ती पेटी भरल्याचे श्रेय कामगाराला तरीही मिळणार. प्रत्येक प्रयोगासोबत तीन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या: काय दिसले तर प्रयोग वाढवायचा, काय दिसले तर आवरायचा, आणि कोणता आकडा पाहायचा. टेबलावर नोंदवलेल्या चुकांवर विसंबायचे नाही, हे तक्त्याच्या अनुभवावरून ठरले होते. म्हणून पेटीत टेबलाचा क्रमांक घालून ग्राहकांच्या तक्रारींशी ताळा घेतला.

विश्लेषकाला हा भाग अवघड गेला, कारण त्याला निकाल ‘सिद्ध’ हवा होता. 24 दिवसांत 16 टेबलांवर 140 चुका, म्हणजे टेबलामागे जेमतेम 9. दोन टेबलांवर 12 दिवसांतही साधारण तेवढ्याच अपेक्षित धराव्या लागतात. 9 ची अपेक्षा असताना निव्वळ योगायोगाने 6 किंवा 12 सहज येतात, म्हणून अशा प्रयोगातून चुका घटल्याचा ठाम आकडा मागणे चुकीचे होते. पाहायचे होते ते कामगार कसे वागू लागतात ते.

वजनाच्या प्रयोगात दिवसाचे टेबल छान चालले. रात्रीच्या टेबलावर पाचव्या दिवशी तीन पेट्यांत कागदाचे घट्ट बोळे आढळले. लहान भाग कमी पडला की वजन बोळ्याने भरून काढले जात होते. हे ‘आवरा’च्या खुणेत लिहिलेले होते, म्हणून तो प्रयोग त्याच रात्री थांबला. गटाच्या बक्षिसाने चुका कमी होताना दिसल्या, पण आठवड्यात दोघांनी संथ सहकाऱ्याला दुसऱ्या टेबलावर पाठवण्याची मागणी केली आणि व्यवस्थापिकेने तोही आवरला.

‘थांबा’ पाटीचा पहिला आकडा भीतीदायक होता. तीन दिवसांत फळीवर 40 पेट्या जमल्या आणि पर्यवेक्षकांनी प्रयोग बंद करायची विनंती केली. व्यवस्थापिकेने त्या सर्व पेट्या उघडून मोजायला लावल्या. 31 पेट्यांत वस्तू खरोखर कमी होत्या, आणि त्यांपैकी बहुतेक भरणीच्या टेबलावर येण्याआधीच कमी होत्या, कारण मोठी मागणी दोन टोपल्यांत विभागली गेली की दुसरी टोपली मागे राहत होती. ही गोष्ट कोणत्याही नोंदीत नव्हती, कारण कमी पेटी ढकलून देणाऱ्या माणसालाच ती माहीत होती आणि सांगण्यात त्याचा तोटा होता. गुंत्याचा एक दोरा सुटला आणि तो क्लिष्ट प्रश्न झाला: दोन टोपल्यांचा मेळ यंत्रणेने कसा राखावा? तो यंत्रणावाल्याकडे गेला. पाटी मात्र चार आणखी टेबलांवर नेली, एकदम सोळाही नव्हे, कारण श्रेय मिळत असताना विनाकारण पेट्या थांबवल्या जातील का, हे अजून पाहायचे होते.

निर्णय

एका आठवड्याची मुदत संपताना प्रयोग नुकतेच सुरू झालेले होते. व्यवस्थापिकेने वरिष्ठांना मूळ कारण कळवले नाही. प्रत्येक ढिगाबद्दल वेगळ्या खात्रीने चार गोष्टी कळवल्या: लेबलांचा प्रश्न मिटला आहे, संख्येचा दुरुस्त झाला आहे, भलत्या भागांचे कारण पुराव्यासह सापडले आहे, आणि कमी भरलेल्या पार्सलांबद्दल आज कोणतेही ठाम विधान प्रामाणिकपणे करता येत नाही. त्यासाठी चार आठवडे लागतील. स्वयंचलित यंत्रणेबद्दलचे तिचे उत्तर या वर्गवारीतूनच निघाले. यंत्रणा खण समोर आणते, म्हणून ती फार तर 150 च्या ढिगाला हात घालते, आणि तो ढीग स्कॅनच्या सक्तीने बराच कमी होणार होता. 130 च्या ढिगात तिने चुकीच्या यादीवरून तितक्याच तत्परतेने चुकीची संख्या दिली असती. खरेदी पुढे ढकलावी, असे तिने लिहिले.

पुढच्या 24 दिवसांत तेवढ्याच पार्सलांत संख्येच्या 9, भलत्या भागांच्या 38 आणि कमी भरलेल्या 96 चुका झाल्या. लेबलाची एकही नव्हती. एकूण 143, म्हणजे 1.2 टक्के. कमी भरलेल्या पार्सलांच्या चुका 140 वरून 96 झाल्या, त्यातली किती घट पाटीमुळे झाली आणि किती लोक आपल्याकडे पाहत आहेत या जाणिवेने, हे वेगळे करता येत नाही, आणि अहवालात तसेच लिहिले गेले.

तिसऱ्या महिन्यात संख्येच्या चुका एका आठवड्यात पुन्हा 5 झाल्या. एका पुरवठादाराने पाकिटातले नग 10 वरून 12 केले होते आणि यादी जुनीच राहिली होती. साधी म्हणून सुटलेली समस्या सर्वांच्या नजरेआड गेली होती. व्यवस्थापिकेने आवक घेणाऱ्या कामगाराच्या पडद्यावर एक रकाना वाढवला: पाकीट उघडून मोजलेले नग. तो भरल्याशिवाय आवक पुढे सरकत नाही, आणि यादीतल्या आकड्याशी जुळला नाही तर ती वस्तू उचलीसाठी उपलब्धच होत नाही.